जेवणाचा शॉट खरा वाटावा म्हणून

प्रश्न: शॉर्ट फिल्ममध्ये काका ताटावर बसून जेवतात असा बारा सेकंदांचा शॉट आहे. नट चांगला आहे, पण जेवताना खोटा वाटतो. काय करू?

उत्तर:

पुन्हा एकदा फुटेज लावा आणि फक्त त्यांचा गळा बघा. माझा अंदाज आहे की ते घास गिळतच नाहीयेत. पुढचे टेक डोळ्यांसमोर असल्यामुळे नट घास गालात धरून ठेवतात आणि ‘कट’ झालं की थुंकून टाकतात. खरं गिळताना ओठ मिटतात, क्षणभर श्वास थांबतो आणि कंठमणी वर जाऊन खाली येतो. प्रेक्षकाला कारण सांगता येणार नाही, पण हे दिसलं नाही की त्याला खटकतंच.

चावण्याचंही तसंच. तोंड रिकामं असलं की जबडा नुसता वर-खाली होतो. खरा घास जीभ दाढेखाली सारते, त्यामुळे जबडा जरा तिरका फिरतो आणि एक गाल हलतो. हे शिकवून येत नाही, तोंडात खरं अन्न लागतं.

म्हणून आधी पदार्थ बदला. ज्वारीची भाकरी दिसते छान, पण ती चावून गिळेपर्यंत तुमचे बारा सेकंद संपतील. गरगटलेला वरणभात द्या. साधारण असं बसवा: पहिले तीन सेकंद कालवणं आणि घास करणं. मग मान थोडी पुढे झुकते, बोटं ओठांशी येतात आणि अंगठा घास आत लोटतो. हा अंगठा फार महत्त्वाचा, नट घाईत बोटंच तोंडात घालतात. पुढचे चार-पाच सेकंद चावणं, मग गिळणं, आणि उरलेल्या वेळात पाण्याचा एक घोट. घास लिंबाएवढा नको, सुपारीहून जरा मोठा पुरे. तेवढा असला की सात-आठ टेक झाले तरी माणूस प्रत्येक वेळी खरंच गिळू शकतो. शॉट जेवणाच्या सुट्टीनंतर लावू नका, भरल्या पोटाचा कंटाळा चेहऱ्यावर उतरतो.

पेल्यात अर्धं पाणी हवंच. रिकामा पेला हात भसकन उचलतो आणि पहिल्याच क्षणी पालथा करतो. पाणी असलं की मनगट आपोआप जपून कलतं आणि प्रत्येक घोटाला गळा हलतो. टेकागणिक पाणी त्याच पातळीला भरा, नाहीतर संकलनात उडी दिसेल.

कॅमेरा समोर न ठेवता थोडा बाजूला घ्या, हनुवटीखालचा गळा फ्रेममध्ये राहू द्या. बंद कॉलरचा सदरा किंवा मफलर असेल तर काढा. संवाद असेल तर तो गिळून झाल्यावर किंवा घास तोंडात जायच्या आधी ठेवा. घास गालात सारून बोलणारे काका दाखवायचे असतील तर तेही चालेल, फक्त वाक्य दोन-तीन शब्दांचंच ठेवा.