कंगोऱ्यांचा जाड शिंपला: नाव ठरवताना आधी बिजागरी पाहावी

प्रश्न: केळशीच्या किनाऱ्यावर एक जाड, पांढरट शिंपला सापडला. एकच बाजू आहे, लांबी साधारण 4.5 सेंटीमीटर. बाहेरून उभे कंगोरे आहेत आणि त्यांवर मण्यांसारखे उंचवटे आहेत. मोजले तर कंगोरे 19 भरले. आतून पांढरा, खोबणींत थोडा तपकिरी रंग, आणि टोकाजवळ एक गोल भोक. चित्रांशी ताडून पाहिले तर कधी तो कॉकल वाटतो, कधी तिसरी. नक्की नाव कसे ठरवावे?

उत्तर:

चित्रांशी रंग ताडत बसल्यामुळे तुमचा घोळ झाला आहे. शिंपल्याच्या बाबतीत रंगाचा विचार मी सर्वांत शेवटी करतो. मेलेल्या प्राण्याची झडप, म्हणजे शिंपल्याची एक बाजू, किनाऱ्यावर उन्हात पडून राहिली की फिकट होते, खाडीच्या काळ्या चिखलात पुरली गेली की लोहाच्या संयुगांमुळे राखाडी किंवा काळी पडते, आणि तीच पुढे हवेत उघडी पडली की तिच्यावर तांबूस-पिवळे डाग येऊ शकतात. एकाच जातीच्या तीन झडपा एकाच किनाऱ्यावर तीन रंगांत सापडतात त्या यामुळेच. कंगोऱ्यांचे तसे नाही. ते झडपेच्या घडणीचाच भाग असल्यामुळे ती झिजून गुळगुळीत होईपर्यंत टिकतात. दोन झडपा जिथे एकमेकींना जोडलेल्या असतात ती बिजागरी तर आतल्या बाजूला असल्यामुळे बरीच सुरक्षित राहते आणि कुळ ठरवण्यासाठी तिच्याइतका भरवशाचा दुसरा पुरावा नाही.

सुरुवात कंगोऱ्यांच्या दिशेपासून करावी. शिंपल्याच्या फुगीर बाजूवर, बिजागरीच्या वर जो सर्वांत उंच, आत वळलेला भाग असतो त्याला मी येथे कुबड म्हणतो. प्राण्याच्या वाढीला तिथूनच सुरुवात झालेली असते. कुबडापासून निघून काठाकडे पसरत जाणाऱ्या रेषा वेगळ्या आणि काठाला समांतर जाणाऱ्या वळ्या वेगळ्या. आपल्याकडे बाजारात तिसऱ्या म्हणून जे शिंपले विकले जातात त्यांच्यावर, जिथे उठाव असतो तिथे, तो मुख्यतः काठाला समांतर असतो, आणि काही जातींत पृष्ठभाग जवळजवळ गुळगुळीत असून त्यावर नागमोडी नक्षी असते. तुमच्या शिंपल्यावरचे उभे कंगोरे कुबडापासून निघत असतील, आणि वर्णनावरून तसेच दिसते, तर तिसरीचा विचार इथेच सोडून देता येईल. काठाला समांतर अशा काही बारीक रेषा तुम्हालाही दिसतील, परंतु त्या वाढीच्या खुणा असून जवळपास प्रत्येकच शिंपल्यावर असतात. त्यांना कंगोरे समजू नये.

उभे कंगोरे मात्र अनेक कुळांत असतात आणि कॉकलचा घोटाळा नेमका इथे होतो. त्यासाठी झडप उलटी करून आतली बाजू उजेडात तिरपी धरावी आणि कुबडाच्या खालची बिजागरी पाहावी. बिजागरीत वाळू किंवा चिखल अडकलेला असेल तर झडप काही तास गोड्या पाण्यात भिजत ठेवावी आणि मग मऊ ब्रशने हलकेच साफ करावी. आम्ल किंवा ब्लीच वापरू नये. आम्लाने चुन्याचा पृष्ठभाग विरघळतो आणि ब्लीचने खोबणींत राहिलेला तपकिरी थर निघून जातो, आणि तो थर आपल्याला पुढे लागणार आहे.

आता तीन शक्यता संभवतात. बिजागरीची कड जवळजवळ सरळ असून तिच्यावर फणीसारखे बारीक, एकसारखे दात ओळीने बसलेले असतील, मधले लहान आणि दोन्ही टोकांकडचे थोडे मोठे, तर शिंपला आर्का कुळातला. बिजागरीची कड वळलेली असून मध्ये फक्त एक-दोन ठळक दात आणि दोन्ही बाजूंना, थोड्या अंतरावर, एखाद-दुसरा दात असेल तर तो कॉकलच्या कुळातला. आणि मध्ये मोजकेच पण जाडजूड, तिरपे दात असतील तर कार्डिटा कुळाचा विचार करावा. कार्डिटाचे शिंपलेही जाड, कंगोऱ्यांचे आणि तपकिरी ठिपक्यांचे असतात, आणि नुसत्या बाहेरच्या फोटोवरून त्यांना आर्का म्हणणारे पुष्कळ भेटतात. हे तीन प्रकार एकदा हातात घेऊन पाहिले की बिजागरीबद्दल पुन्हा शंका राहत नाही. म्हणूनच केवळ फुगीर बाजूचा फोटो पाहून कोणी ठामपणे नाव सांगत असेल तर मी त्यावर फारसा विश्वास ठेवत नाही.

आर्का कुळाची आणखी एक खूण आहे. कुबड आणि दातांची ओळ यांच्यामध्ये एक सपाट, त्रिकोणी पट्टा असतो. जिवंतपणी दोन्ही झडपांना जोडणारा लवचिक बंध या पट्ट्यावर पसरलेला असतो आणि त्याच्या जागी उलट्या ‘व्ही’सारख्या बारीक चरा राहतात. कॉकलमध्ये असा रुंद पट्टा नसतो. तिसऱ्यांची शंका पूर्णपणे मिटवायची असेल तर झडपेच्या आतल्या पृष्ठभागावर स्नायूंचे दोन ठसे शोधावेत. त्यांना जोडणारी एक फिकट रेषा काठाला समांतर जाते. तिसऱ्यांच्या कुळात ती एका बाजूला आत वळून खोबण करते, कारण त्या प्राण्याला वाळूत गाडून घेतल्यावर पाणी ओढण्यासाठी नळ्या असतात आणि त्या आत ओढून घ्यायला जागा लागते. आर्कामध्ये अशा नळ्या नसल्यामुळे ती रेषा सलग जाते. कॉकलमध्येही ती सलग असते, म्हणून या खुणेने तिसरी बाजूला काढता येते, परंतु आर्का आणि कॉकल यांच्यातील निवाडा तिच्यावरून होत नाही.

तुमच्या शिंपल्याची बिजागरी बारीक दातांची निघेल असे मी तात्पुरते धरून चालतो, कारण जाडी, फुगीरपणा आणि मण्यांसारखे उंचवटे हे तिन्ही त्याच दिशेला बोट दाखवतात. कुळ ठरले की मग कंगोऱ्यांच्या मोजणीला खरा अर्थ येतो. या गटात कंगोरे कुबडापाशीच सुरू होतात आणि शिंपला वाढतो तसे ते रुंद होत जातात. त्यांची संख्या मात्र वाढत नाही. म्हणून लहान आणि मोठ्या शिंपल्यांची मोजणी एकमेकींशी ताडता येते, आणि आकारापेक्षा ती अधिक उपयोगी ठरते.

मोजताना चूक बहुधा दोन्ही टोकांना होते, कारण तिथले कंगोरे अरुंद व उतरते असतात आणि नजरेतून सुटतात. पेन्सिलीने प्रत्येक पाचव्या कंगोऱ्यावर बारीक ठिपका द्यावा, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत मोजावे आणि मग उलट दिशेने पुन्हा मोजावे. दोन्ही आकडे जुळले नाहीत तर आतल्या काठावरच्या खाचा मोजाव्यात. बाहेरचे कंगोरे झिजले असले तरी या खाचा पुष्कळदा शाबूत असतात.

तुमचा 19 हा आकडा या मोजणीत एखाद्याने कमी-जास्त झाला तरी तो टेगिलार्का ग्रॅनोसा या जातीच्या मर्यादेत बसतो. या जातीत साधारणपणे 15 ते 20 रुंद कंगोरे असतात, त्यांच्यामधल्या खोबणीही रुंद असतात आणि कंगोऱ्यांवर ठळक उंचवट्यांची रांग असते. लिनियसने 1758 मध्ये आर्का ग्रॅनोसा या नावाने हिचे वर्णन केले, त्यामुळे जुन्या पुस्तकांत ते नाव किंवा अ‍ॅनाडारा ग्रॅनोसा असे नाव आढळले तर गोंधळून जाऊ नये, जात तीच आहे. तिची जवळची नातेवाईक टेगिलार्का ऱ्हॉम्बिया हीसुद्धा भारताच्या किनाऱ्यांवर आढळते, पण तिचे कंगोरे पंचविसाच्या आसपास असतात, आणि अ‍ॅनाडारा इनइक्विव्हाल्व्हिसचे तिसाच्या वर जातात. या तिघींत आकड्यांचे अंतर पुरेसे असल्यामुळे एक-दोन कंगोऱ्यांची चूक झाली तरी निर्णय बदलत नाही. मोजणी 21 किंवा 22 आली तर मात्र थांबावे आणि उंचवटे किती ठळक आहेत व खोबणी किती रुंद आहे, यांचा आधार घ्यावा.

आता रंगाकडे वळू. खोबणींतला तपकिरी रंग हा चुन्याचा नसून जिवंत शिंपल्यावर असलेल्या पातळ बाह्य आवरणाचा अवशेष असावा. ग्रॅनोसामध्ये ते आवरण पातळ आणि बरेचसे गुळगुळीत असते, तर अ‍ॅनाडाराच्या अनेक जातींत ते लवदार असते. भिंगातून पाहताना खोबणीत केसांसारखे तंतू दिसले तर माझे म्हणणे बाजूला ठेवून कंगोरे पुन्हा मोजा. आतला पांढरा रंग मात्र या सर्वांत समान असल्याने त्यावरून काहीच ठरत नाही.

सापडण्याची जागाही या नावाशी जुळते. ही जात उघड्या, लाटांच्या वाळूत राहत नाही. तिला भरती-ओहोटीच्या पट्ट्यातला मऊ चिखल लागतो. केळशीला भारजा नदीची खाडी अगदी शेजारी आहे, तेव्हा खाडीतल्या चिखलातून सुटलेली झडप किनाऱ्यावर येणे स्वाभाविक आहे. पूर्व किनाऱ्यावर काकीनाडा उपसागरात हे शिंपले खाण्यासाठी मोठ्या प्रमाणावर काढले जातात. ताजा शिंपला उघडला की आतील द्रव लाल दिसतो, कारण या प्राण्यांच्या रक्तात हिमोग्लोबिन असते, जे बहुतेक शिंपल्यांत नसते. रिकाम्या झडपेवर अर्थातच त्याचा काही पुरावा उरत नाही.

राहिले भोक. ते नेमके कुबडाच्या सर्वांत उंच बिंदूवर असून त्याच्या कडा अनियमित असतील तर ती बहुधा झीज आहे, कारण पालथी पडलेली झडप वाळूवर घासली जाताना तोच भाग आधी पातळ होतो. भोक अगदी गोल असून बाहेरून रुंद आणि आत अरुंद होत गेलेले, म्हणजे उतरत्या कडांचे असेल, तर ते नॅटिका कुळातल्या शिकारी गोगलगायीचे काम आहे. म्युरेक्स कुळातल्या गोगलगायींची भोके तुलनेने सरळ कडांची असतात. जातीचे नाव यावरून बदलत नाही, पण भोक गोल निघाले तर हा प्राणी शिकारीत मेला असे म्हणता येते.

बिजागरीचा जवळून आणि तिरप्या उजेडात घेतलेला एक फोटो, आतल्या बाजूचा एक, आणि शेजारी मोजपट्टी ठेवून बाहेरचा एक, असे तीन फोटो येथे द्यावेत. बारीक दातांची ओळ आणि 15 ते 20 कंगोरे दोन्ही दिसले तर टेगिलार्का ग्रॅनोसा हे नाव मी निःशंकपणे देईन. दात झिजून गेले असतील आणि उंचवटेही पुसट झाले असतील तर ‘टेगिलार्का किंवा अ‍ॅनाडारा’ एवढेच लिहून ठेवावे.