तटस्थ देशाच्या जहाजाला नाकेबंदी कधी बंधनकारक असते?

प्रश्न : युद्धात एका देशाने शत्रूच्या बंदरांची नाकेबंदी केली, तर युद्धाशी संबंध नसलेल्या देशाच्या व्यापारी जहाजालाही पकडता येते का?

हो, पकडता येते. मात्र ती नाकेबंदी कायद्याच्या कसोटीवर उतरली पाहिजे. मी बडोद्यात निर्यातदारांच्या जहाजी मालाची कागदपत्रे पाहतो आणि आखातात तणाव वाढला की रसायने पाठवणारे आमच्याकडचे कारखानदार हेच विचारतात.

पहिली अट घोषणेची. नाकेबंदी कधीपासून, कुठून कुठपर्यंत आणि आत असलेल्या तटस्थ जहाजांना बाहेर पडायला मुदत किती, हे जाहीर करावे लागते. अमेरिकेच्या यादवी युद्धात राष्ट्राध्यक्ष लिंकनने दक्षिणेकडच्या बंडखोर राज्यांच्या बंदरांची नाकेबंदी केली; त्याच्या १९ एप्रिल १८६१ च्या घोषणेत तर असे होते की जवळ आलेल्या जहाजाला आधी इशारा द्यावा, तो दिल्याची तारीख अधिकाऱ्याने जहाजाच्या नोंदपत्रावर लिहावी आणि तरीही जहाज पुन्हा आले तरच पकडावे. दुसरी अट १८५६ च्या पॅरिस जाहीरनाम्यातली : नाकेबंदी प्रत्यक्षात परिणामकारक हवी, म्हणजे किनारा खरोखर अडवण्याइतके बळ तिथे हवे, कागदी नाकेबंदी कोणाला बांधत नाही. ती सर्व देशांच्या जहाजांना सारखीच लावावी लागते आणि नागरिकांची उपासमार हा तिचा एकमेव हेतू असेल तर ती निषिद्धच ठरते, असे १९९४ ची सान रेमो नियमावली सांगते. ही नियमावली करार नव्हे, पण युद्धनौकांचे कायदेतज्ज्ञ तिचाच आधार घेतात.

आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने मला सर्वांत महत्त्वाची वाटते ती हद्द. तटस्थ देशाचे बंदर नाकेबंदीत येऊ शकत नाही. ‘पीटरहॉफ’ हे ब्रिटिश जहाज १८६३ मध्ये मेक्सिकोतल्या मातामोरोसकडे जात असताना अमेरिकी युद्धनौकेने कॅरिबियन समुद्रात पकडले. मातामोरोसच्या समोर, रिओ ग्रांदे नदीपलीकडे, बंडखोरांचे टेक्सास होते आणि माल तिकडे जाणार हे उघड होते. तरीही अमेरिकेच्याच सर्वोच्च न्यायालयाने ठरवले की नाकेबंदी नदीच्या तटस्थ मुखाला लागू नाही, आणि तिथे उतरून पुढे जमिनीवरून टेक्सासला जाणारा माल हा नाकेबंदीचा भंग होत नाही. नदी दोघांची असल्यामुळे उलट निकाल लागला असता, तर मेक्सिकोचा व्यापारच बंद पडला असता.

जहाज परत करण्याचा आदेश झाला, पण तोफखान्याचे घोड्यांचे साज, लष्करी बूट आणि राखाडी घोंगड्या जप्तच राहिल्या. शत्रूच्या फौजेकडे जाणारा युद्धोपयोगी माल पकडण्याचा हक्क नाकेबंदीहून वेगळा आहे आणि त्याला तटस्थ बंदर आडवे येत नाही. शिवाय कप्तानाने आपले कागद तपासणीसाठी युद्धनौकेवर नेण्यास नकार दिला होता आणि पकडले जाताना एक पुडके समुद्रात फेकले गेले होते, म्हणून सुटलेल्या जहाजावरही खर्चाचा बोजा पडला. त्यामुळे जहाजाचे बंदर तटस्थ आहे एवढ्यावर मी कोणालाही निर्धास्त करत नाही. शेवटचा ग्राहक कोण, हे मालाच्या कागदांवर आधी पाहतो.