ओळखीतल्या कुणी नवीन काही लाँच केलं की मी शेअर करते, पण टॅग कुणाकुणाला करू? संधी साधतेय असं वाटायला नको.

ज्यांचं लाँच आहे त्यांच्या धंद्याच्या अकाउंटला, आणि त्या कामात खरंच हात लागलेल्या एक-दोघांना. बाकी कुणालाही नाही. मी इन्स्टापुरतंच बोलते, कारण घरगुती ब्रँडसाठी लेबलं आणि पाकिटं डिझाइन करते आणि माझी सगळी गिऱ्हाईकं तिथंच असतात.

मागे आमच्या कोल्हापुरातल्या एका ताईंचा कांदा-लसूण मसाला लाँच झाला, लेबल माझं होतं. ताई सकाळपासून पाकिटं सील करतायत, मधेच डीएमना उत्तरं देतायत, आणि आमच्या बिझनेस ग्रुपमधल्या एकाने पोस्ट टाकली, 'या प्रवासाचा भाग असल्याचा अभिमान वाटतो'. त्याने काय केलं होतं तर छपाईचं कोटेशन दिलं होतं, काम दुसऱ्याकडे गेलं होतं. फोटो ताईंच्याच पेजवरून उचललेला, खाली ह्याचा लोगो आणि मोबाईल नंबर, आणि फोटोवर ताईंसकट २० जण टॅग केलेले कारण इन्स्टा तेवढेच करू देतं. त्यात फूड ब्लॉगर, हॉटेलं, आणि चक्क दुसरा एक मसालेवाला पण!

कॅप्शनमध्ये नाव घेणं वेगळं आणि फोटोवर टॅग करणं वेगळं, हे लोक लक्षातच घेत नाहीत. फोटोवर टॅग केलं की ती पोस्ट समोरच्याच्या प्रोफाइलवर टॅगवाल्या टॅबमध्ये जाऊन बसते, आणि नवीन ब्रँडकडून पहिल्यांदा घेणारा माणूस लोक काय म्हणतायत बघायला तीच टॅब उघडतो. तिथं ताईंच्या मसाल्याऐवजी छपाईची जाहिरात. ऐन गर्दीत मी त्यांना फोनवर सांगत होते, पोस्ट उघडा, फोटोवर टॅप करा, तुमच्या नावावर टॅप करा, मग `Remove me from post`. नंतर टॅग आपण मंजूर केल्याशिवाय प्रोफाइलवर दिसणार नाही अशी सेटिंग पण लावून दिली, ती प्रत्येक छोट्या ब्रँडने लावावीच.

आता ज्या मुलीने ताईंचे फोटो काढले होते तिचं बघा. ती लाँचच्या दिवशी गप्प होती. तीन-चार दिवसांनी, पहिली गडबड ओसरल्यावर, तिने स्टोरी टाकली, कढईत भरली वांगी, शेजारी फोडलेलं पाकीट, आणि लिहिलेलं, 'चार माणसांच्या भाजीला दीड चमचा पुरला, तिखट आहे, लहान मुलांसाठी एकच टाका. पाव किलोचं पाकीट, ऑर्डर ताईंच्या डीएमवर.' मेन्शन फक्त ताईंच्या पेजचं. स्टोरीत मेन्शन केलं की समोरच्याला तीच स्टोरी आपल्या स्टोरीवर लावायचा पर्याय येतो, ताईंनी लगेच लावली, आणि त्या संध्याकाळी ज्यांनी विचारलं त्यातल्या बऱ्याच जणांनी 'ते वांग्यांचं बघितलं' असंच म्हटलं. पुढे ताईंच्या ओळखीतून तिला फोटोची कामं मिळाली, मागावी लागली नाहीत.

आमच्या ग्रुपमधला तो माणूस अजून म्हणतो की टॅग फुकट असतो, कुणाचं काय जातं. जातं ना. ज्या १९ लोकांचा संबंध नाही त्यांना ताईंच्या मसाल्याच्या पोस्टचं नोटिफिकेशन गेलं, त्यातल्या एका ब्लॉगरने तर ताईंनाच मेसेज केला की असं टॅग करू नका. म्हणजे नाव ताईंचं खराब झालं. आणि दुसऱ्याच्या आनंदावर तुम्ही पोस्ट टाकली तर तिच्यावर त्यांना कोलॅबची रिक्वेस्ट तर पाठवूच नका, ती त्यांनी स्वीकारली तर तुमची पोस्ट त्यांच्या फॉलोअर्सना दोघांच्या नावाने दिसते, आणि नाही म्हणायचं तर त्यांना अवघड होतं. त्यांना हवं असेल तर ते तुम्हाला पाठवतील.

बक्षीस, पुरस्कार वगैरेचं पण असंच. काय केलं म्हणून मिळालं ते एका ओळीत लिहा, 'अभिनंदन, खूप खूप शुभेच्छा' याचा त्यांना काही उपयोग नाही. आणि त्यांनी स्वतः जाहीर करायच्या आधी तुम्ही करू नका, सख्खी बहीण असली तरी.

एक राहिलंच. तुमचा त्यात पैशाचा, नोकरीचा किंवा नात्याचा संबंध असेल, किंवा वस्तू फुकट मिळाली असेल, तर ते पोस्टमध्येच स्पष्ट लिहा. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने जानेवारी २०२३ मध्ये याच्या मार्गदर्शक सूचना काढल्यात, त्यात फुकट वस्तू आणि कौटुंबिक संबंधही धरलेत. मी ताईंचा मसाला शेअर करते तेव्हा पहिल्याच ओळीत 'लेबल मी केलंय, त्याचे पैसे घेतलेत' असं लिहिते. आणि तुम्ही नोकरी करत असाल तर कंपनीच्या लाँचबद्दल काय टाकायचं, कुणाला टॅग करायचं हे आधी ऑफिसमध्ये विचारा, तिथले नियम वेगळे असतात.