उभा दाब कितव्या नंबरावर आहे ते बघा

प्रश्न: नॉर्मल फॉल्ट ताणामुळे होतो असं शिकवलं, मग आकृतीत सगळ्यात मोठा स्ट्रेस उभा का दाखवतात? रिव्हर्स आणि स्ट्राइक-स्लिपला कुठला स्ट्रेस कुठल्या दिशेला असतो?

सगळा घोळ ‘ताण’ या शब्दाने घातलाय. चार किलोमीटर खाली खडकाला खरोखर कोणी खेचत बसलेलं नसतं, सगळ्या बाजूंनी दाबच असतो, फक्त एखाद्या बाजूचा कमी झालेला असतो. फॉल्ट म्हणजे खडक तुटून सरकलेली भेग, आणि नॉर्मल फॉल्टमध्ये आडवा दाब इतका सैल पडतो की वरचं वजन, म्हणजे उभा दाब, तिघांत मोठा ठरतो. म्हणून सिग्मा 1, म्हणजे सगळ्यात मोठा स्ट्रेस, उभा.

तिघं कोण, तर एकमेकांशी काटकोनात असलेले तीन मुख्य स्ट्रेस, मोठा सिग्मा 1, मधला सिग्मा 2 आणि लहान सिग्मा 3. स्कॉटलंडच्या अँडरसनने 1905 मध्ये एक साधी गोष्ट हेरली की जमिनीला वरून हवा टेकलेली असते आणि हवा काही जमिनीला घासून बाजूला सरकवू शकत नाही, म्हणजे पृष्ठभागावर शिअर नाही, म्हणून या तिघांतला एक उभाच असणार आणि बाकी दोन आडवे. मग उरतात तीनच शक्यता. उभा सगळ्यात मोठा असेल तर नॉर्मल, म्हणजे वरचा तुकडा खाली घसरतो; सगळ्यात लहान असेल तर रिव्हर्स, म्हणजे वरचा तुकडा वर चढतो; मधला असेल तर स्ट्राइक-स्लिप, म्हणजे तुकडे बाजूला सरकतात.

आता फॉल्ट कलतो किती? खडक मोठ्या दाबाशी साधारण 30 अंशांवर तुटतो. शिअर सगळ्यात जास्त असतो 45 ला, पण तिथे दोन्ही बाजू एकमेकींवर दाबल्याही बऱ्याच जातात आणि घर्षण अडवतं, म्हणून थोडं सिग्मा 1 कडे सरकलेलं प्रतल सोपं पडतं. सिग्मा 1 उभा असेल तर उभ्यापासून 30, म्हणजे जमिनीशी 60 अंशांचा तीव्र उतार, हा नॉर्मल. सिग्मा 1 आडवा आणि सिग्मा 3 उभा असेल तर जमिनीशी 30, हा रिव्हर्स. मधला स्ट्रेस नेहमी फॉल्टच्या प्रतलातच पडून असतो, तोच उभा असला की प्रतलही उभं, म्हणजे स्ट्राइक-स्लिप.

मी हे काचेच्या टाकीत कोरडी वाळू आणि मधे मधे पिठाचे पातळ थर टाकून करून बघितलंय. टाकीत एक उभी फळी सरकवायची. फळी जरा मागे ओढली की पिठाची रेघ तीव्र उतारावर तुटून वरचा तुकडा खाली घसरतो. पुढे रेटली तर बराच जोर लावावा लागतो, आणि मग निजलेल्या उतारावरून वरचा तुकडा चढत जातो. मजा म्हणजे ओढताना वाळूला कोणी खेचत नाही, वाळूला खेचता येतच नाही! फळीचा आधार कमी होतो, एवढंच.

हा जोराचा फरक आकड्यांत बघा. 4 किलोमीटर खोलीवर वजनाचा दाब साधारण 105 मेगापास्कल. घर्षणांक 0.6 धरला आणि पाणी सोडून दिलं, तर मोठा स्ट्रेस लहानाच्या तिप्पट-सव्वातीनपट झाला की घसरण होते. म्हणजे नॉर्मल व्हायला एका दिशेचा आडवा दाब 34 पर्यंत उतरला की काम झालं, तर रिव्हर्सला तोच सव्वातीनशेच्या वर चढवावा लागतो. खडकाच्या भेगांत पाणी असलं की दोन्ही आकडे उभ्या दाबाच्या जवळ येतात, कारण पाण्याचा दाब दोन्ही बाजूंना दूर ढकलतो आणि पकड सैल होते.

स्ट्राइक-स्लिपमध्ये मोठा आणि लहान दोन्ही आडवे, म्हणून जमीन वर-खाली फारशी होत नाही, बाजूला सरकते. सिग्मा 1 उत्तर-दक्षिण असेल तर त्याच्या दोन्ही बाजूंना 30 अंशांवर दोन उभी प्रतलं तयार होऊ शकतात, एक उजवं सरकणारं, एक डावं.

पण हे सगळं नव्याने तुटणाऱ्या, सगळीकडे सारख्या खडकाचं गणित आहे. कॅलिफोर्नियाचा सॅन अँड्रियास उभा आहे, स्ट्राइक-स्लिप आहे, इथवर ठीक, पण 1980 च्या दशकात मोजणी झाली तेव्हा तिथला मोठा आडवा दाब बऱ्याच ठिकाणी फॉल्टशी 30 नाही तर 60 अंशांच्याही पुढे, जवळजवळ काटकोनात निघाला. एवढ्या वाकड्या कोनावर साधा खडक घसरायला नको. पुढे याच फॉल्टवर पार्कफिल्डजवळ बोअर मारून पावणेतीन किलोमीटरच्या आसपासचे नमुने काढले, तर सरकणाऱ्या पट्ट्यात क्ले सापडला, घर्षणांक जेमतेम 0.15. आधीच तयार असलेला गुळगुळीत फॉल्ट वाकड्या कोनातही सरकतो, त्याच्यासाठी 30 अंश शोधत बसू नका. म्हणून नुसता फॉल्टचा उतार मोजून जुन्या स्ट्रेसची दिशा सांगू नका, प्रतलावरचे ओरखडे बघा, उतारासोबत असतील तर नॉर्मल किंवा रिव्हर्स, आडवे असतील तर स्ट्राइक-स्लिप.