टेबल वाकडं का दिसतं?

“सर, मुलाचा हात चांगला आहे. एलिमेंटरीला ए ग्रेड मिळावी एवढीच इच्छा आहे. मग कलेचा इतिहास कशाला? सनावळ्या पाठ करण्यात सरावाचा वेळ जातो.”

सप्रेम नमस्कार,

तुमच्या काळजीचं उत्तर एका विद्यार्थ्याच्या अनुभवातूनच देतो. सातवीतला हा मुलगा वस्तुचित्राच्या तासाला टेबल काढायचा आणि खोडायचा. कागद खोडून खोडून झिरझिरीत व्हायचा. वरचा पृष्ठभाग तो पूर्ण चौकोनी काढायचा, पाय मात्र समोरून. “मला जमतच नाही,” म्हणून त्याने वही आणणंच बंद केलं.

मी त्याला मुघल दरबाराचं एक लघुचित्र दाखवलं आणि विचारलं, “गालिचा कुठून पाहिलाय?” तो म्हणाला, “वरून.” “आणि माणसं?” “समोरून.” मग स्वतःच म्हणाला, “म्हणजे माझ्या टेबलासारखंच!” त्या चित्रकाराला गालिच्याची सगळी नक्षी दाखवायची होती आणि दरबारात कोण कुठे उभा आहे हेही. एकाच जागेवरून पाहिलं असतं, तर पुढच्यांनी मागच्यांना झाकलं असतं.

त्यानंतर इटलीतल्या फ्लॉरेन्सच्या सांता मारिया नोव्हेला चर्चमधलं, मसाच्चो या चित्रकाराचं ‘होली ट्रिनिटी’ हे क्रूसावरच्या येशूचं भित्तिचित्र पाहिलं. ते साधारण 1427 च्या सुमाराचं. सपाट भिंतीवर कमानदार छताची खोल खोली आहे असा भास होतो, कारण छताच्या रेषा क्रूसाच्या पायथ्याशी, जवळपास पाहणाऱ्याच्या डोळ्यांच्या उंचीवर, एका बिंदूत मिळतात. त्यासाठी ओल्या गिलाव्यात कोरलेल्या रेषा आजही दिसतात. मुलाने छापील चित्रावर पट्टी ठेवून तो बिंदू शोधला. यथार्थदर्शन, म्हणजे सपाट कागदावर जवळ-दूर दाखवण्याची रीत, हा फळ्यावरचा नियम नसून, “मी एकाच जागी उभा राहून पाहतोय” असं ठरवल्याचा परिणाम आहे, हे त्याला तिथे कळलं. पुढच्या तासाला त्याने आधी डोळ्यांची पातळी आखली आणि मग टेबल काढलं. ते सरळ आलं.

म्हणून वर्गात मी सनावळ्या पाठ करून घेत नाही. एक चित्र घेतो आणि चित्रकार कुठे उभा होता, त्याला काय दाखवायचं होतं, एवढंच शोधायला लावतो. सराव त्यानंतर होतोच. इतिहास पाहून हात बसत नाही, त्याला रेघोट्याच ओढाव्या लागतात.

एक अडचण मात्र येते. काही मुलं चुकलेल्या चित्राला “ही लघुचित्राची शैली आहे” म्हणून मोकळी होतात. तसं घरी ऐकू आलं, तर “टेबल वरून दिसतंय, मग त्यावरचा पेला बाजूने का काढलास?” असं विचारा. मुलाने कारण सांगितलं, तर त्याने विचार केलाय. नुसतं “असंच” म्हणाला, तर तो पेला त्याला पुन्हा काढायला सांगा. परीक्षेच्या वस्तुचित्रात मात्र एकाच जागेवरून दिसणारं चित्र हवं असतं, आणि त्याचा सराव मी दर आठवड्याला घेतोच.

आपला,
चित्रकला शिक्षक