400 घरं म्हणजे 400 घरं नव्हेत

प्रश्न: क्लस्टर सॅम्पलिंगमध्ये आधी गावं निवडतात आणि मग त्या गावांतली घरं. एकूण घरं तेवढीच असतील तर साध्या यादृच्छिक नमुन्यापेक्षा याची अचूकता कमी का मानतात?

उत्तर: कारण शेजारी शेजाऱ्यासारखा असतो. याच गोष्टीवरून माझं आमच्या सरांशी वाजलं होतं, तेव्हा थोडं सविस्तर सांगते.

मी पुण्यातल्या एका संस्थेत सर्वेक्षणाचं काम बघायचे. मुळशी, वेल्हे आणि भोर तालुक्यांत किती घरांच्या नळाला प्रत्यक्ष पाणी येतं, हे काढायचं होतं. लोकसंख्येच्या प्रमाणात 20 गावं निवडली आणि प्रत्येक गावात घरांची यादी करून 20 घरं काढली. एकूण 400. मे महिना होता. पौडच्या पुढच्या एका गावात मी अकराव्या घरी पोचले, तर ओट्यावर तांदूळ निवडत बसलेल्या बाई म्हणाल्या, "ताई, शेजारी विचारलंत ना? मग तेच माझं लिहा. टाकीची मोटर जळाली तर काय माझ्या एकटीचा नळ चालणार आहे?"

पाठ्यपुस्तकं ज्याला समूहांतर्गत सहसंबंध म्हणतात, तो त्या बाईंनी एका वाक्यात सांगून टाकला. गावाची टाकी एक, मोटर एक, ग्रामपंचायतीचं थकलेलं वीजबिलही एक. पहिल्या दोन-तीन घरांतच उत्तर कळतं, पुढची सतरा घरं बहुतेक तेच परत सांगतात. फॉर्म भरतो, माहिती फारशी वाढत नाही. त्याऐवजी तिन्ही तालुक्यांतल्या सगळ्या घरांच्या यादीतून चिठ्ठ्या टाकून 400 घरं काढली असती, तर ती शे-दोनशे गावांत विखुरली असती आणि जवळजवळ प्रत्येक घराने नवं काही सांगितलं असतं.

आता आकडे बघा. दर गावात 20 पैकी किती घरांत पाणी येत होतं, ते उतरत्या क्रमाने: 20, 20, 19, 19, 18, 18, 17, 16, 15, 15, 13, 12, 10, 9, 7, 5, 4, 2, 1, 0. बेरीज 240, म्हणजे 60 टक्के. इथवर सगळ्यांचं एकमत होतं.

सरांनी अहवालात "60 टक्के, चूक ±5" असं लिहिलं. त्यांनी 400 घरं स्वतंत्र धरून √(0.6 × 0.4 / 400) केलं, ते 2.45 टक्के येतं, आणि त्याची दुप्पट केली. मी म्हटलं, सर, आपण चिठ्ठी गावांची टाकली आहे, तेव्हा डगमग गावांच्या आकड्यांत बघायला हवी. त्यासाठी कुठलं खास सॉफ्टवेअर लागत नाही. वीस गावांची टक्केवारी एक्सेलच्या एका रकान्यात लिहा आणि हे टाका:

```
=STDEV(B2:B21)/SQRT(20)
```

उत्तर 7.6 टक्के येतं. म्हणजे चूक ±15, आणि खरा आकडा 45 ते 75 यांमध्ये कुठेही असू शकतो. 2.45 आणि 7.6 या दोन्ही प्रमाणचुकांचं गुणोत्तर काढून त्याचा वर्ग केला की सुमारे 9.6 मिळतात. यालाच डिझाइन इफेक्ट म्हणतात, आमच्याकडे नुसतं "डेफ". 400 ला त्याने भागा. आमची 400 घरं चिठ्ठीने काढलेल्या 42 घरांच्या तोलाची होती.

सरांचं उत्तर असं की राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणातही एका गावातून 22 घरंच घेतात, मग आपलं काय चुकलं? अहो, पाचव्या फेरीत त्यांचे समूह देशभरात 30 हजारांवर होते. आमचे 20. शिवाय ते चूक मोजताना समूह लक्षात घेतात, आणि आमचा वाद नेमका तोच होता. मी लिहिलेली टीप अहवाल छापायला जाताना गळाली. चुकून गळाली, असं मला सांगण्यात आलं.

दोन वर्षांनी नवी 20 गावं घेऊन तेच सर्वेक्षण पुन्हा झालं. आकडा आला 72. सभागृहात पडद्यावर "12 टक्क्यांची झेप", टाळ्या, शाल-श्रीफळ. आता प्रत्येक फेरीची प्रमाणचूक साडेसात टक्क्यांच्या आसपास असेल, तर फरकाची जवळपास 11 होते आणि त्यावरची चूक ±21. खरी झेप 30 टक्क्यांची असू शकते, किंवा परिस्थिती थोडी बिघडलेलीही असू शकते. दुसऱ्या फेरीत तीच गावं घेतली असती तर मोटर, टाकी, चढ-उतार हे सगळं दोन्ही वेळी तेच राहिलं असतं आणि फरक बराच घट्ट मोजता आला असता. हे मी आधी सुचवलं होतं. "तीच तीच गावं काय दाखवायची," असं उत्तर मिळालं.

आता तुमच्या प्रश्नात सूत्रापुरतं जे राहिलं ते. डेफ = 1 + (m − 1)ρ. यात m म्हणजे एका गावातली घरं आणि ρ म्हणजे शेजाऱ्यांचं साम्य. आमच्या नळाचा ρ निघाला 0.45, जो फारच मोठा आहे, कारण पाणी गावाला येतं, घराला नाही. त्याच फॉर्मात "घरात साठीपुढचं कोणी आहे का" हाही प्रश्न होता. आजी-आजोबा काही ग्रामपंचायत वाटत नाही, त्यामुळे तिथे ρ शून्याच्या जवळ येतो आणि डेफ एकाहून जेमतेम जास्त. सर्वेक्षण एकच, पण प्रत्येक प्रश्नाचा डेफ वेगळा. क्वचित ρ ऋणही होतो: घर हाच समूह धरून स्त्री-पुरुष मोजले, तर नवरा-बायको जोडीने सापडतात आणि अचूकता उलट वाढते. म्हणून पुस्तकांत "सहसा कमी" असं लिहितात.

हेही सांगायला हवं की मी क्लस्टरच्या विरोधात नाही. सगळ्या घरांची ताजी यादी कुणाकडेच नसते, आणि एकेका घरासाठी डोंगरातल्या एकेका वाडीवर जीप पाठवायची तर डिझेलनेच बजेट संपेल. घरं तेवढीच ठेवली तर क्लस्टर हरतो, खर्च तेवढाच ठेवला तर बऱ्याचदा जिंकतो. आणि फॉर्म भरणाऱ्या पोरांनी एसटी थांब्याजवळचीच घरं गाठून वरची वाडी सोडली, तर तो दोष वेगळा. तो डेफमध्ये दिसत नाही.

तुमच्या हातात निवड असेल तर गावं वाढवा. 400 घरंच, पण 80 गावांतून पाच-पाच घेतली असती, तर आमचा डेफ 2.8 वर आला असता आणि 143 घरांचा तोल मिळाला असता. चूक ±8.

मागच्या महिन्यात सर एका लग्नात भेटले. तिसरी फेरी मंजूर झाली म्हणाले. मी विचारलं, गावं वाढवलीत का? "गावं वीसच गं, पण तुझं ऐकून घरं दुप्पट केलीत, प्रत्येक गावात चाळीस!" मी जिलेबी खाली ठेवून मोबाइलवर हिशोब केला. डेफ 18.55, घरं 800. भागाकार 43.