अडीअडचणीसाठी सहा महिन्यांचा खर्च जमायला किती काळ?

आधी खर्चाचा आकडा नीट काढ. पगार नव्हे, खर्च. भाडं, किराणा, हप्ते तर धरच, पण वर्षातून एकदा येणारा विम्याचा प्रीमियम आणि शाळेची फी बाराने भागून त्यात मिळव. नवीन माणूस नेमका इथेच चुकतो. एसआयपी मात्र धरू नकोस, अडचणीत ती थांबवता येते.

समज, महिन्याचा खर्च ३०,००० आहे. लक्ष्य झालं १,८०,०००. महिना ६,००० बाजूला पडत असतील तर ३० महिने लागतील. हेच पैसे साडेसहा टक्क्यांच्या आवर्ती ठेवीत टाकलेस तरी साधारण २८ महिने लागतात, म्हणजे व्याजाने दोनच महिने वाचतात. म्हणून जास्त व्याजाच्या शोधात वेळ घालवू नकोस.

खरा फरक खर्च कमी केल्याने पडतो. महिना ३,००० वाचवलेस की बचत ९,००० होते आणि लक्ष्यही १,६२,००० वर येतं. मुदत थेट १८ महिने! पगार ३,००० नी वाढला आणि खर्च तोच राहिला, तर २० महिने लागतील.

दर दिवाळीला खर्च पुन्हा मोज, भाडं वाढलं की लक्ष्यही वाढतं.